लॉस ठरला की विलंबही ठरतो: एका स्ट्रिपलाइन मॉडेलच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

एफआर-४ लॅमिनेटच्या सर्किट बोर्डावर ५० सेंटिमीटर लांबीची एक स्ट्रिपलाइन आहे. तिचे मॉडेल तयार करणे हे या प्रकल्पाचे काम आहे. मॉडेलने १० मेगाहर्ट्झपासून २० गिगाहर्ट्झपर्यंतचा वारंवारता प्रतिसाद बरोबर द्यायला हवा, आणि तोच प्रतिसाद काळाच्या अक्षावर नेला असता सिग्नल पोहोचायला हवा तेव्हाच पोहोचताना दिसायला हवा. स्ट्रिपलाइनमध्ये तांब्याची पट्टी दोन्ही बाजूंनी लॅमिनेटने वेढलेली असते, हवा कुठेच येत नाही. त्यामुळे लॅमिनेटचा परावैद्युतांक हाच लाइनचा परावैद्युतांक धरता येतो. तांब्यातला लॉस सध्या बाजूला ठेवला आहे.

लॅमिनेटबद्दल हाती दोनच आकडे आहेत: १ गिगाहर्ट्झला परावैद्युतांक ४.४ आणि लॉस टॅन्जंट ०.०२. हे दोन्ही आकडे सगळ्या वारंवारतांना तसेच लागू आहेत असे धरणे, ही या कामातली सर्वांत प्रचलित पद्धत आहे. तसे धरले की लाइनचा प्रतिसाद एका ओळीत लिहिता येतो:

```
H(ω) = exp(−jωT0) · exp(−a|ω|)
T0 = 3.498 ns,   a = T0 · tanδ / 2 = 0.035 ns
```

पहिला घटक निव्वळ विलंब आहे आणि दुसरा निव्वळ क्षीणन. १० गिगाहर्ट्झला हे क्षीणन सुमारे १९ डेसिबल येते आणि एवढ्या लांबीच्या एफआर-४ लाइनसाठी ते अगदी वाजवी आहे. म्हणजे वारंवारतेच्या अक्षावर पाहिले तर या मॉडेलमध्ये खटकण्यासारखे काही दिसत नाही. अडचण दिसते ती याचा इम्पल्स रिस्पॉन्स काढल्यावर, आणि इथे तो हातानेच काढता येतो:

```
h(t) = (1/π) · a / ((t − T0)² + a²)
```

ही T0 भोवती दोन्ही बाजूंना सारखी पसरलेली टेकडी आहे. तिचे शेपूट डावीकडे कुठेच संपत नाही. एका टोकाला १ व्होल्टची पायरी t = 0 या क्षणी दिली, तर दुसऱ्या टोकाला त्याच क्षणी ३.२ मिलिव्होल्ट आधीच हजर असतात. निर्वात पोकळीतल्या प्रकाशालाही ५० सेंटिमीटर जायला १.६६८ नॅनोसेकंद लागतात, आणि त्या क्षणापर्यंत मॉडेलने ६.१ मिलिव्होल्ट पोहोचवलेले असतात. t = 0 चा आकडा लाइनच्या लांबीवर अवलंबून नाही, कारण a आणि T0 यांचे गुणोत्तर नेहमी लॉस टॅन्जंटच्या निम्मे असते. लाइन कितीही लांब किंवा आखूड घेतली तरी कारणाच्या आधीच कार्य दिसण्याचा हा दोष तेवढाच राहतो.

एफएफटीने हिशोब करणाऱ्या सिम्युलेटरमध्ये हे शेपूट चटकन लक्षात येत नाही. तिथे काळाची खिडकी वर्तुळासारखी जोडलेली असते, त्यामुळे t = 0 च्या आधीचा भाग खिडकीच्या अगदी शेवटी जाऊन बसतो. सगळे शांत झाल्यावर खिडकीच्या उजव्या टोकाला आलेख पुन्हा हळूच वर उचललेला दिसला, तर ते परावर्तन समजू नये. तो भूतकाळातून वळून आलेला भाग असू शकतो.

४ जून

मॉडेल दुरुस्त करण्याआधी ते मुळात का बिघडते, हे नीट मांडून ठेवतो. दोन आकड्यांपैकी एकही अवास्तव नाही, आणि तरीही दोन्ही मिळून अशक्य प्रतिसाद देतात. याचे कारण एका साध्या निरीक्षणात आहे.

कोणतेही फलन एका सम आणि एका विषम भागाच्या बेरजेने लिहिता येते. h(t) वास्तव असेल, तर फूरिए रूपांतरात त्याच्या सम भागापासून H चा वास्तव भाग R(ω) येतो आणि विषम भागापासून काल्पनिक भाग X(ω) येतो. सर्वसाधारण फलनात हे दोन भाग एकमेकांपासून पूर्णपणे स्वतंत्र असतात. एकाची माहिती असून दुसऱ्याबद्दल काहीही सांगता येत नाही.

आता अट घालू या, की t < 0 असताना h(t) शून्य आहे. म्हणजे ऋण बाजूला सम आणि विषम भागांनी एकमेकांना तंतोतंत रद्द केले पाहिजे. पण सम भाग ऋण बाजूला जेवढा असतो तेवढाच धन बाजूला असतो, आणि विषम भाग धन बाजूला चिन्ह बदलून येतो. त्यामुळे जे दोन भाग डावीकडे एकमेकांना रद्द करतात, तेच उजवीकडे एकसारखे होऊन बेरजेत दुप्पट होतात. थोडक्यात, विषम भाग म्हणजे सम भागाला काळाच्या चिन्हाने गुणून मिळणारे फलन होय:

```
h_odd(t) = sgn(t) · h_even(t)
```

कार्यकारणभावाची अट पूर्णपणे या एका ओळीत आहे. काळाच्या अक्षावर ती गुणाकार आहे, म्हणून वारंवारतेच्या अक्षावर ती कन्व्होल्यूशन होते. sgn(t) चे रूपांतर 2/(jω) आहे. ते घातले की मिळते:

```
X(ω) = −(1/π) P∫ R(ω') / (ω − ω') dω'
```

इथे P म्हणजे ω' = ω या बिंदूच्या दोन्ही बाजूंना समान अंतर सोडून घेतलेले मुख्य मूल्य. काल्पनिक भागापासून वास्तव भाग देणारा उलटा संबंधही याच रूपाचा आहे, फक्त चिन्ह बदलते. क्रोनिग यांनी १९२६ मध्ये आणि क्रेमर्स यांनी १९२७ मध्ये हे संबंध प्रकाशाच्या अपस्करणाच्या संदर्भात मांडले. पण वरच्या मांडणीत प्रकाश, अणू किंवा लॅमिनेट यांपैकी कशाचाच आधार घेतलेला नाही. प्रणाली रेषीय असावी, काळानुसार बदलणारी नसावी आणि तिने कारणाआधी उत्तर देऊ नये, एवढेच लागते.

एक अपवाद मात्र इथेच नोंदवला पाहिजे. h(t) मध्ये नेमका t = 0 ला डेल्टा असेल, तर तो फक्त सम असतो, त्याला विषम जोडीदार नसतो. वारंवारतेच्या अक्षावर हा डेल्टा म्हणजे वास्तव भागातला स्थिरांक. काल्पनिक भागाला त्याची दखलच लागत नाही, म्हणून काल्पनिक भागावरून तो काढताही येत नाही. परावैद्युतांकाच्या बाबतीत हा स्थिरांक म्हणजे अतिउच्च वारंवारतेचे मूल्य ε∞. यामुळेच पुढे सगळीकडे ε′ ऐवजी ε′ − ε∞ लिहावे लागेल.

६ जून

परवाची मांडणी बिनचूक आहे, पण एका वारंवारतेवरच्या लॉसमुळे दुसऱ्या वारंवारतेवरचा विलंब का बदलावा, हे तिच्यातून डोळ्यांसमोर उभे राहत नाही, अशी शंका आमच्या गटातल्या एका सहकाऱ्याने उपस्थित केली. शंका रास्त आहे. तिचे उत्तर टोल यांनी १९५६ मध्ये केलेल्या विवेचनात फार स्वच्छ मिळते.

t = 0 ला सुरू होणारा एक स्पंद घ्या. तो अगणित साइन लहरींची बेरीज आहे आणि त्यातली प्रत्येक लहर अनादी काळापासून अनंत काळापर्यंत पसरलेली आहे. स्पंदाआधीची शांतता म्हणजे लहरींचा अभाव नव्हे. तिथे त्या सगळ्या लहरी हजर असतात आणि अतिशय काटेकोरपणे एकमेकींना रद्द करत असतात. आता समजा, एखादे माध्यम त्यांतली एकच लहर शोषून घेते आणि बाकीच्यांना अजिबात धक्का लावत नाही. मग t = 0 च्या आधी काय उरेल? आधी बेरीज शून्य होती, त्यातून एक लहर वजा झाली, म्हणून तीच लहर उलट चिन्हाने उरेल, आणि स्पंद येण्याच्या कितीतरी आधीपासून ती माध्यमाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येईल.

हे घडत नाही, याचा अर्थ शोषण करणाऱ्या माध्यमाने इतर लहरींच्या फेजमध्ये असा बदल केलाच पाहिजे, की त्यांची बेरीज t = 0 आधी पुन्हा शून्य व्हावी. कोणत्या लहरीची फेज किती बदलायची, याचा हिशोब म्हणजेच परवाचा इंटिग्रल. त्यातला 1/(ω − ω′) हा घटक सांगतो, की शोषलेल्या वारंवारतेच्या शेजाऱ्यांवर परिणाम सर्वांत जास्त होतो, दूरच्यांवर अंतराच्या व्यस्त प्रमाणात होतो, आणि दोन बाजूंच्या शेजाऱ्यांवर तो उलट चिन्हाने होतो.

३ जूनच्या मॉडेलमध्ये नेमके हेच राहून गेले आहे. क्षीणनाने उच्च वारंवारतेच्या लहरी कमी केल्या, पण उरलेल्या सगळ्यांना एकच विलंब दिला. शांतता टिकवण्यासाठी कोणाचीही फेज बदललीच नाही.

१० जून

आज हा संबंध प्रत्यक्ष आकड्यांवर चालवला. परावैद्युतांक ε = ε′ − jε″ असा लिहिला आणि ऋण वारंवारतांचा भाग धन बाजूला दुमडला, तर संबंध असा होतो:

```
ε'(ω) − ε∞ = (2/π) P∫[0,∞] ω' ε''(ω') / (ω'² − ω²) dω'
```

आपल्या लॅमिनेटसाठी ε″ = ४.४ × ०.०२ = ०.०८८. समजा हा लॉस ω1 पासून ω2 पर्यंत सपाट आहे आणि त्याबाहेर शून्य आहे. मग इंटिग्रल हातानेच सुटतो, आणि दोन्ही टोकांपासून पुरेसे आत असलेल्या ω साठी उत्तर असे येते:

```
ε'(ω) − ε∞ ≈ (2 ε''/π) · ln(ω2/ω)
```

या एका ओळीत प्रकल्पाला लागणारे जवळजवळ सर्व काही आहे. लॉस सपाट असेल, तर परावैद्युतांक सपाट राहू शकत नाही. वारंवारतेच्या लॉगॅरिथमवर तो सरळ रेषेत उतरतो, आणि उताराचे माप लॉसच ठरवतो. दर दशकाला, म्हणजे वारंवारता दहापट झाली की, घट १.४६६ × ε″ इतकी होते. आपल्या आकड्यांनी ती ०.१२९ येते. १ गिगाहर्ट्झला ४.४ असलेला परावैद्युतांक १० गिगाहर्ट्झला ४.२७१ असलाच पाहिजे आणि १०० मेगाहर्ट्झला ४.५२९ असलाच पाहिजे. यात निवडीला वाव नाही.

हाच संबंध उलट वाचला, तर ε″ म्हणजे स्थूलमानाने ε′ च्या उताराची π/2 पट, जिथे उतार नैसर्गिक लॉगॅरिथमवर मोजलेला आणि चिन्ह बदललेले. त्यामुळे ‘परावैद्युतांक स्थिर, पण लॉस शून्य नाही’ हे विधान स्वतःशीच विसंगत ठरते. परावैद्युतांक खरोखर सगळीकडे स्थिर असेल, तर लॉस शून्यच असला पाहिजे.

०.१२९ हा फरक लहान वाटतो, पण विलंबात तो लहान नाही. १० गिगाहर्ट्झला लाइनचा फेज विलंब ३.४९८ ऐवजी ३.४४७ नॅनोसेकंद होतो, म्हणजे फरक सुमारे ५२ पिकोसेकंद. सेकंदाला १० गिगाबिट पाठवणाऱ्या लिंकमध्ये एक बिट १०० पिकोसेकंदांचा असतो, म्हणजे हा फरक अर्ध्या बिटाइतका आहे. शिवाय १०० मेगाहर्ट्झचा घटक ३.५४९ नॅनोसेकंदांनी पोहोचतो, म्हणजे १० गिगाहर्ट्झच्या घटकानंतर १०२ पिकोसेकंदांनी. जलद घटक आधी आणि संथ घटक मागाहून येत असल्यामुळे पोहोचलेल्या स्पंदाची पुढची बाजू चढी आणि मागची बाजू लांबट होते. लॉसी लाइनवर ऑसिलोस्कोपने पाहिलेला स्पंद असाच एका बाजूला झुकलेला असतो. ३ जूनच्या मॉडेलने दिलेली दोन्हीकडे सारखी टेकडी प्रत्यक्षात कुठे दिसत नाही.

११ जून

कालच्या सूत्रातल्या ln(ω2/ω) कडे पुन्हा पाहिले. ω2 अनंताकडे नेला, तर उजवी बाजू अनंत होते. म्हणजे सपाट लॉस कुठेतरी थांबलाच पाहिजे, हेही कार्यकारणभावच सांगतो.

सर्व वारंवारतांना स्थिर लॉस टॅन्जंट घेऊन त्याला साजेशी फेज शोधू, असा प्रयत्न कोणी केला, तर तो कितीही हुशारीने केला तरी सफल होणार नाही. पेली आणि वीनर यांनी १९३४ मध्ये दिलेली अट याबाबत निर्णायक आहे. त्या अटीनुसार |ln|H(ω)|| भागिले (1 + ω²) याचा सर्व वारंवारतांवरचा इंटिग्रल सांत असेल, तरच त्या क्षीणनाला जुळणारी एखादी कॉझल फेज अस्तित्वात असते. ३ जूनच्या मॉडेलमध्ये |ln|H|| = a|ω| आहे. मग इंटिग्रलमधला घटक मोठ्या ω साठी 1/ω सारखा वागतो, आणि इंटिग्रल लॉगॅरिथमच्या संथ गतीने का होईना, पण अनंत होतो. दोष निवडलेल्या फेजपुरता नाही. ते क्षीणन कोणत्याही फेजसह अशक्य आहे.

भूकंपशास्त्रात हीच गोष्ट वेगळ्या वाटेने पुढे आली. खडकांतून जाणाऱ्या लहरींचा Q वारंवारतेच्या अनेक दशकांमध्ये जवळजवळ स्थिर दिसतो, म्हणजे क्षीणन वारंवारतेच्या प्रमाणात वाढते. फ्युटरमन यांनी १९६२ मध्ये दाखवले, की तसे असेल तर लहरींचा वेगही वारंवारतेबरोबर बदललाच पाहिजे. खडक असो वा लॅमिनेट, लॉगॅरिथमचा तोच उतार येतो.

१४ जून

हातच्या सूत्रांपलीकडे मोजलेल्या आकड्यांवर चालेल असे छोटे फंक्शन लिहिले. अवघड जागा एकच आहे: ω′ = ω ला छेद शून्य होतो. यावर मॅक्लॉरिनची रीत सोपी आणि विश्वासार्ह आहे. वारंवारतांचे बिंदू समान अंतरावर असतील, तर ज्या बिंदूवर उत्तर हवे त्याच्यापासून विषम अंतरावरचे बिंदूच बेरजेत घ्यायचे. त्यामुळे तो बिंदू बेरजेत येतच नाही, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे मोठे आकडे समान अंतरावर राहून एकमेकांना छेदतात. मुख्य मूल्याची व्याख्याच अशी पाळली जाते.

```python
import numpy as np

def kk_real(w, e2, i):
    j = np.arange((i + 1) % 2, len(w), 2)
    dw = w[1] - w[0]
    s = w[j] * e2[j] / (w[j]**2 - w[i]**2)
    return (2 / np.pi) * 2 * dw * s.sum()
```

हे फंक्शन तपासण्यासाठी उत्तर आधीच माहीत असलेले डिबाय मॉडेल घेतले. त्यात ε″ = ωτ/(1 + ω²τ²) आणि ε′ − ε∞ = 1/(1 + ω²τ²). जाळी 0.01/τ पासून 20/τ पर्यंत तितक्याच पायरीने आखली. ωτ = १ ला खरे उत्तर ०.५ आहे आणि फंक्शन ०.४६८ देते. फरक गणिताच्या रीतीतला नाही. 20/τ च्या पुढचा लॉस आपण दिलाच नाही, आणि त्या उरलेल्या शेपटाचा वाटा (2/π)·(1/20), म्हणजे ०.०३१८ आहे. जेवढे कापले तेवढेच नेमके कमी आले, म्हणून फंक्शन बरोबर आहे असे मानायला हरकत नाही. पण इंटिग्रल शून्यापासून अनंतापर्यंत आहे आणि मापन कधीच तसे नसते, ही खरी अडचण मात्र यातून समोर आली.

१८ जून

आपले नेटवर्क अॅनालायझरचे मापन २० गिगाहर्ट्झला थांबते. समजा लॅमिनेटचा ०.०८८ हा लॉस प्रत्यक्षात १ टेराहर्ट्झपर्यंत तसाच चालू आहे. मग २० गिगाहर्ट्झच्या पुढच्या, न मोजलेल्या भागाचा ε′ मधला वाटा १ गिगाहर्ट्झला ०.२१९ येतो. ज्या ०.१२९ च्या उताराची पडताळणी करायची आहे, त्याहून हा न दिसणारा वाटा मोठा आहे. या आकड्यावर थांबले, तर बँड मर्यादित असलेल्या मापनावर हा संबंध वापरता येत नाही असेच वाटेल.

पण तोच वाटा १० गिगाहर्ट्झला ०.२२७ येतो. म्हणजे १ पासून १० गिगाहर्ट्झपर्यंत तो फक्त ०.००८ ने बदलतो. दूरच्या लॉसचा परिणाम बँडच्या आत जवळजवळ स्थिरांकासारखा असतो, आणि स्थिरांक वजा करता येतो. म्हणून एका वारंवारतेला, समजा १ गिगाहर्ट्झला, ε′ मोजलेला धरायचा आणि बाकी ठिकाणी त्याच्यापासूनचा फरकच काढायचा:

```
ε'(ω) − ε'(ω0) = (2/π)(ω² − ω0²) P∫[0,∞] ω' ε''(ω') / ((ω'² − ω²)(ω'² − ω0²)) dω'
```

या रूपात दूरच्या वारंवारतांचे वजन 1/ω′³ ने घटते, आधीच्या रूपात ते 1/ω′ ने घटत होते. ε∞ हा अज्ञात स्थिरांकही वजाबाकीत निघून जातो. बँडच्या खालच्या टोकाची काळजी त्यामानाने फारच थोडी आहे, कारण १० मेगाहर्ट्झखालच्या लॉसचा १ गिगाहर्ट्झवरचा परिणाम दोन वारंवारतांच्या गुणोत्तराच्या वर्गाने घटतो. लॅमिनेटमध्ये थोडी सरळ वाहकता असेल आणि त्यामुळे ε″ कमी वारंवारतेला 1/ω सारखा वाढत असेल, तरी तो भाग ε′ मध्ये काहीच भर घालत नाही.

वरच्या टोकाला मात्र ही युक्तीही मर्यादितच उपयोगी पडते. १० गिगाहर्ट्झला घट ०.१२९ ऐवजी ०.१३७ दिसते, हे चालण्यासारखे आहे. १८ गिगाहर्ट्झला खरी घट ०.१६२ असायला हवी, तिथे ०.२०८ दिसते. बँडच्या शेवटाजवळ ε′ अवाजवी खाली वळलेला दिसला, तर आधी हा परिणाम समजावा आणि मगच मापनावर संशय घ्यावा. मी सध्या पडताळणीसाठी बँडचा खालचा अर्धाच भाग धरतो आहे.

२१ जून

मॉडेल कॉझल आहे की नाही याच्या चाचणीबद्दल दोन गोष्टी नोंदवणे आवश्यक आहे, कारण दोन्हींमुळे चुकीचे मॉडेल चाचणीतून सुटू शकते.

पहिली गोष्ट विलंबाची. ३ जूनच्या मॉडेलचा t < 0 चा भाग कापून टाकणे, हा अनेक ठिकाणी दिसणारा उपाय आहे. तसे केल्यावर h(t) औपचारिकदृष्ट्या कॉझल होतो आणि H चे वास्तव व काल्पनिक भाग एकमेकांशी तंतोतंत जुळतात. पण ० पासून ३.३ नॅनोसेकंदांपर्यंतचा आगाऊ भाग तसाच राहतो, आणि मुख्य दोष तिथेच आहे. लांब लाइनसाठी कार्यकारणभावाची अट t = 0 पासून मोजून भागत नाही, ती सिग्नलच्या अग्रभागाच्या पोहोचण्यापासून मोजावी लागते. म्हणून H ला आधी exp(+jωTf) ने गुणून अग्रभागाचा विलंब Tf काढून टाकायचा आणि उरलेल्या फलनावर चाचणी लावायची. ३ जूनचे मॉडेल या चाचणीत लगेच अडकते. याउलट, मापन करताना संदर्भ प्रतल चुकून पुढे धरले गेले आणि लाइनचा विलंब जास्त आला, तर कोणतीही कॉझॅलिटी चाचणी ते पकडू शकत नाही. कॉझल प्रणालीत अधिकचा विलंब घातला तरी ती कॉझलच राहते.

दुसरी गोष्ट मॅग्निट्यूड आणि फेजची. वास्तव आणि काल्पनिक भागांचा संबंध प्रत्येक कॉझल, स्थिर प्रणालीला लागू असतो. मॅग्निट्यूडवरून फेज काढण्यासाठी मात्र हाच संबंध ln H ला लावावा लागतो, आणि त्यासाठी कार्यकारणभाव पुरेसा नाही. H चे शून्य उजव्या अर्ध्या प्रतलात असेल, तर ln H तिथे बिघडतो. हे उदाहरण पुरेसे आहे:

```
H = (1 − jωτ) / (1 + jωτ)
R + 1 = 2 / (1 + ω²τ²),   X = −2ωτ / (1 + ω²τ²)
```

याचे मॅग्निट्यूड सगळीकडे १ आहे, म्हणून मॅग्निट्यूडवरून काढलेली फेज शून्य येते. प्रत्यक्षात फेज शून्यापासून उणे १८० अंशांपर्यंत जाते. तरीही R + 1 आणि X यांची जोडी क्रेमर्स-क्रोनिग संबंध अचूक पाळते, कारण प्रणाली कॉझल आहे. मॅग्निट्यूडवरून फेज काढायची असेल, तर प्रणाली मिनिमम फेज आहे हे आधी वेगळे सिद्ध करावे लागते. या प्रकल्पात मी म्हणूनच H च्या मॅग्निट्यूडवरून काहीही काढत नाही, चाचणी थेट ε′ आणि ε″ वर लावतो.

२५ जून

मॉडेल निश्चित केले. जॉर्जेविच, सरकार आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एफआर-४ साठी मांडलेले हे रूप आहे:

```
ε(ω) = ε∞ + K · log10( (ω2 + jω) / (ω1 + jω) )
```

१० जूनच्या सपाट लॉसचेच हे रूप आहे, फक्त दोन्ही टोके तीक्ष्ण न ठेवता गोलसर केली आहेत. हे फलन उजव्या अर्ध्या प्रतलात कुठेही बिघडत नाही, त्यामुळे ε′ आणि ε″ आपोआपच एकमेकांची जोडी होतात. K म्हणजे दर दशकाचा उतार, ०.१२९. ω1 साठी १० किलोहर्ट्झ आणि ω2 साठी १ टेराहर्ट्झ घेतले, आणि १ गिगाहर्ट्झला ४.४ यावा म्हणून ε∞ = ४.०१३ आला. माहितीपत्रकातल्या दोन आकड्यांपलीकडे फक्त ही दोन टोके निवडावी लागली.

ती टोके कुठेही ठेवून चालत नाहीत. ω2 खाली आणून १०० गिगाहर्ट्झला ठेवला, तर २० गिगाहर्ट्झला ε″ सुमारे साडेबारा टक्क्यांनी कमी होतो, आणि तेवढे क्षीणन बँडच्या आतच चुकते. १ टेराहर्ट्झला ठेवल्यावर ही घट एक टक्क्याच्या आसपास राहते. ω1 ची निवड त्यामानाने सैल आहे, कारण तो आपल्या बँडच्या तीन दशके खाली आहे.

या मॉडेलमध्ये अग्रभाग √ε∞ ने ठरतो आणि तो ३.३४१ नॅनोसेकंदांनी पोहोचतो. त्याआधी इम्पल्स रिस्पॉन्स शून्य असतो. जुन्या मॉडेलने त्या क्षणापर्यंत १ व्होल्टच्या पायरीपैकी सुमारे ७० मिलिव्होल्ट पोहोचवलेले असत.

आता बाजूला ठेवलेला तांब्याचा लॉस जोडायचा आहे, आणि तिथेही हाच नियम लागू होतो. स्किन इफेक्टमुळे रोध √ω प्रमाणे वाढतो, पण त्याच्या जोडीला तेवढीच अंतर्गत रिअॅक्टन्सही येते, म्हणजे मालिका इम्पिडन्समध्ये भर (1 + j)√ω या रूपात पडते. लाइनच्या इंडक्टन्सचा आकडा स्थिर ठेवून फक्त रोधात √ω घातला, तर लॅमिनेटमधून काढलेला दोष तांब्याच्या वाटेने परत येईल. पुढच्या टप्प्यात R आणि L दोन्ही एकाच सूत्रातून घेऊन, अग्रभागाचा विलंब काढल्यानंतरची चाचणी पूर्ण लाइनवर चालवायची आहे.